तिकीट काढण्याआधी: सिनेमाच्या पाटीवरचं UA आणि पहिली-दुसरीतलं मूल

रविवारी दुपारचा शो, घरातले पाच-सहा जण, त्यात एक पहिलीतलं पोर. बुकिंगच्या अॅपवर सिनेमाच्या नावाखाली भाषा, लांबी आणि UA 13+ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत ते वाचलं जातं ते एवढ्यापुरतंच, की A नाही ना? मग चला. हा हिशेब चुकतो, कारण A सोडून बाकी कुठलंच सर्टिफिकेट मुलाला दारात अडवण्यासाठी नसतं. ते आई-वडिलांनी वाचून ठरवावं म्हणून दिलेलं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांपुढे आणखी एक प्रश्न असतो. सिनेमा बऱ्याचदा कन्नड किंवा डब केलेला असतो आणि मुलाला ती भाषा पुरती कळत नाही. त्याने काय फरक पडतो ते पुढे येईलच. आधी पाटी वाचू.

पाटीवर काय लिहिलंय

थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातलं सेन्सॉर, सर्टिफिकेट देतं. कायदा १९५२ चा आहे. सर्टिफिकेट केंद्राचं असल्यामुळे निपाणीहून कोल्हापूरला जाऊन सिनेमा पाहिला तरी रेटिंग तेच राहतं. राज्याच्या हातात आहे तो थिएटरचा परवाना. कर्नाटकात त्यासाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे, पण त्याचा वयाच्या रेटिंगशी संबंध नाही.

U म्हणजे सर्वांसाठी. A म्हणजे फक्त अठरा पूर्ण झालेल्यांसाठी, आणि इथे मात्र अडवणं ही थिएटरची कायदेशीर जबाबदारी आहे. आई-वडील सोबत असले तरी शाळकरी मुलाला आत सोडता येत नाही. S हा डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिकांसाठीच्या चित्रपटांचा प्रकार आहे, तो आपल्या वाटेला येत नाही.

मधल्या UA मध्ये खरी गंमत आहे. हा प्रकार १९८३ पासून आहे आणि कित्येक वर्षं त्याचा अर्थ एकच होता: बाराच्या आतल्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहावा. त्यामुळे हलकीफुलकी कौटुंबिक कथा आणि गळे चिरणारी सूडकथा एकाच डब्यात बसायच्या. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर त्याचे तीन भाग झाले: UA 7+, UA 13+ आणि UA 16+. जुने सिनेमे पुन्हा लागले तर त्यांच्यावर नुसतं UA दिसू शकतं. त्यावरून फारसं काही कळत नाही, त्यामुळे असा सिनेमा अनोळखी समजूनच तपासावा.

UA 16+ पाहून पुष्कळ जण समजतात की सोळाच्या आतल्यांना प्रवेश नाही. तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की सोळापेक्षा लहान मुलाला दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवावं. सहा वर्षांचं मूल घेऊन तुम्ही UA 16+ सिनेमाला गेलात तर दारावरचा माणूस तिकीट फाडून आत सोडेल, आणि तो नियमानेच वागलेला असेल. म्हणजे अडवणारे तुम्हीच. ब्रिटनमध्ये 15 असं रेटिंग असलं की पंधराच्या आतल्याला बापाचा हात धरूनही थिएटरात जाता येत नाही. तिथला कडकपणा मनात ठेवून इथली पाटी वाचली की फसगत होते.

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सर्टिफिकेट काही सेकंद दिसतं. त्यावर हिंदीत ‘अ’ दिसला की काही जण दचकतात. तो अनिर्बंधित, म्हणजे U. प्रौढांच्या सिनेमावर ‘व’ असतो आणि UA ला ‘अव’. अर्थात ते पाहीपर्यंत तिकिटाचे पैसे गेलेले असतात, त्यामुळे निर्णय तिथे घ्यायचा नसतो.

रेटिंग जे सांगत नाही

U म्हणजे बालचित्रपट नव्हे. त्यात आपल्या दृष्टीने आक्षेपार्ह काही नाही, एवढंच मंडळ सांगतं. आई वारणं, मूल गर्दीत हरवणं, घर जळणं, कुत्रा मरणं हे सगळं U मध्ये बसतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला मारामारीपेक्षा ह्याच गोष्टी जास्त लागतात. उलट एखादा UA 13+ सिनेमा निव्वळ संवादांतल्या विषयामुळे 13+ असू शकतो. त्यात लहान मुलाला घाबरण्यासारखं काहीच नसतं, कंटाळण्यासारखं मात्र भरपूर असतं.

मुलं कशाला घाबरतात ह्यावर अमेरिकेतल्या जोआन कँटर ह्या प्राध्यापकांनी बरीच वर्षं संशोधन केलं. त्यातून दिसतं ते असं, की साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल दिसण्यावर जातं. विद्रूप चेहरा, मुखवटा, चांगल्या माणसाचं डोळ्यांदेखत भयंकर रूपात बदलणं ह्यांनी ते घाबरतं. तो माणूस स्वभावाने भला आहे, शेवटी सगळं ठीक होणार आहे, ह्याचा त्याला आधार वाटत नाही. आठ-नऊच्या पुढे भीतीचा रोख बदलतो. मग मुखवट्यापेक्षा खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टी घाबरवतात: चोर, अपहरण, अपघात, आजार. त्यामुळे थोरल्याला चालला म्हणून धाकट्याला चालेल असं नाही, आणि धाकटा ज्याला हसला त्याने थोरल्याची झोप उडू शकते.

आता भाषेचं. मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलाला गल्लीतलं कन्नड येत असेल, पण सिनेमातलं ग्रामीण किंवा किनारपट्टीचं भरभर बोललेलं कन्नड येत नाही. खाली येणारी इंग्रजी अक्षरं ते वाचू शकत नाही. मोठ्यांना संवादांतून कळत असतं, की हा आरडाओरडा करणारा म्हातारा खरं तर नायकाच्या बाजूचा आहे. मुलाला दिसतो फक्त लाल डोळ्यांचा म्हातारा आणि ऐकू येतो ढोल. कथेचा आधार निघून गेला की उरतात चित्र आणि आवाज, आणि सहा वर्षांच्या मुलाची भीती ह्या दोन्हींतूनच येते. म्हणून भाषा कळत नसलेला सिनेमा मुलासाठी एक पायरी जड धरावा. कन्नड कळणाऱ्या मुलासाठी UA 7+ जिथे ठीक वाटेल, तिथे न कळणाऱ्यासाठी UA 13+ इतकी तपासणी करावी.

एकच सिनेमा कन्नड, हिंदी, तेलुगू अशा तीन भाषांत लागतो तेव्हा प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीला सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं. त्यामुळे ज्या भाषेतला शो बुक करताय त्याच भाषेची नोंद उघडून रेटिंग आणि लांबी पाहा.

अर्ध्या तासाची तपासणी

पहिलं काम ट्रेलरचं, आणि तो दोनदा पाहायचा. एकदा आवाज पूर्ण बंद करून. तेव्हा संगीताचा जोश निघून जातो आणि तुमच्या मुलाला काय दिसणार आहे तेवढंच उरतं: किती चेहरे विद्रूप आहेत, किती वेळा हत्यार अंगात जाताना दिसतं, अंधारातून अचानक कोण पुढे येतं. दुसऱ्यांदा मोबाइल उलटा ठेवून फक्त ऐका. किंकाळ्या, अचानक थांबणारा आवाज आणि मग धाडकन येणारा ढोल लगेच कळतात. यूट्यूबवरच्या ट्रेलरला सेन्सॉरची गरज नसते, त्यामुळे तो सिनेमापेक्षा उग्र असू शकतो आणि सौम्यही. विनोदी प्रसंगांचा गोड ट्रेलर काढून दुसऱ्या अर्ध्यात रक्तपात ठेवणारे सिनेमे कमी नाहीत. म्हणून ट्रेलरवर थांबू नये.

दुसरं काम लिखित माहितीचं. IMDb च्या साइटवर सिनेमाच्या पानावर Parents Guide असा विभाग असतो. त्यात हिंसा, शिवीगाळ, व्यसनं, भीतिदायक प्रसंग असे वेगळे रकाने असतात. ते प्रेक्षकांनीच भरलेले असतात, त्यामुळे मोठ्या हिंदी सिनेमांना उपयोगी पडतात, आणि लहान कन्नड-मराठी सिनेमांचे बऱ्याचदा रिकामे दिसतात. नुसत्या मतदानावर जाऊ नका, खाली प्रसंगांचं वर्णन असेल तर ते वाचा.

ह्याहून भरवशाची जागा आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. बरेच मोठे भारतीय सिनेमे ब्रिटनच्या थिएटरांतही लागतात, आणि तिथल्या सेन्सॉरच्या bbfc.co.uk ह्या साइटवर त्या सिनेमाला अमुक रेटिंग का दिलं ते थोडक्यात लिहिलेलं असतं: हिंसा कशी आहे, रक्त किती दिसतं, मूल संकटात सापडतं का, आत्महत्येचा उल्लेख आहे का. सिनेमाचं नाव इंग्रजी स्पेलिंगने टाकून शोधायचं. तिथे PG दिसलं तर हुश्श म्हणायला हरकत नाही. 12A, म्हणजे बाराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा असं रेटिंग, दिसलं तर वर्णन नीट वाचावं, आणि 15 किंवा 18 दिसलं तर सहा वर्षांच्या मुलाचा विषय तिथेच संपवावा, मग इथल्या पाटीवर काहीही असो. आपल्याकडचा UA आणि तिकडचा 15 अशी जोडी नवलाची नाही.

तिसरं काम माणसाचं. शुक्रवारचा पहिला शो पाहून आलेला कुणीतरी गल्लीत, ऑफिसात असतोच. त्याला ‘पोरांना चालतंय काय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘चालतंय की वहिनी, थोडी मारामारी हाय, पण तसं काय नाही.’ ह्या उत्तराचा काही उपयोग नाही, कारण त्याने सिनेमा मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. विचारायचं असं: पहिल्या पंधरा मिनिटांत काय होतं? कुणाचे आई-बाप मरतात का, आणि मरताना दाखवलंय की नुसतं कळतं? लहान मूल कुठे संकटात सापडलंय का? रक्त तोंडावर उडतं का? इंटरवलच्या आधी काय आहे? पहिला प्रश्न मुद्दाम ठेवलाय. सूडकथांमध्ये नायकाच्या बालपणीचा खून अगदी सुरुवातीलाच असतो. मोठे तो ‘फ्लॅशबॅक’ म्हणून विसरतात, आणि पडद्यावर आपल्याच वयाचं पोर पाहिलेलं मूल तेवढंच लक्षात ठेवतं.

टीव्हीवर पाहिला, काही नव्हतं, असं कुणी सांगितलं तर ते धरू नका. A सर्टिफिकेटचा सिनेमा टीव्हीवर आणण्याआधी काटछाट करून त्याला नवं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्यामुळे टीव्हीवर पाहिलेला आणि थिएटरात लागलेला सिनेमा एकच असेल असं नाही.

एक उदाहरण पूर्ण लावून

समजा, शहापुरातलं घर. मुलगी साडेसहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीत. कन्नड सिनेमा, लांबी २ तास ४१ मिनिटं, UA 13+. विषय जंगलातल्या गावाचा, जमिनीच्या भांडणाचा आणि गावदैवताचा. आजीला जायचंच आहे, आणि तिचं म्हणणं, ‘देवाचा सिनेमा आहे, पोरीला पुण्यच लागेल.’

हे म्हणणं सगळ्यात आधी बाजूला काढावं लागतं. देव विषय असला म्हणजे दृश्यं सौम्य असतात असं नाही. अंगात येणं, रंगवलेला चेहरा, आगीतून धावणं, गळ्यातून निघणारी किंकाळी ही मोठ्यांसाठी भक्ती असते. देवळात तेच पाहिलेल्या मुलाला तिथे आजूबाजूला ओळखीची माणसं आणि दिवसाचा उजेड असतो. थिएटरात काळोख असतो आणि तोच चेहरा तीस फुटांचा.

ट्रेलर आवाज बंद करून पाहिला. दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये रंगवलेला चेहरा जवळून चार वेळा येतो, त्यातला एक साधा माणूस डोळ्यांदेखत तसा होतो. वर सांगितलेली सात वर्षांखालची सगळ्यात मोठी भीती हीच. नुसतं ऐकल्यावर शांतता आणि मग ढोल असे तीन धक्के कळले. ब्रिटनच्या साइटवर 15 आहे आणि कारणात रक्ताळलेली हिंसा लिहिली आहे. शेजारच्या काकांना नेमके प्रश्न विचारले तेव्हा कळलं, की सुरुवातीलाच एका मुलाचे वडील त्याच्यासमोर नाहीसे होतात, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सलग मारहाण आहे. मुलीला सिनेमातलं कन्नड कळत नाही. लांबी तर आहेच: पावणेतीन तास, इंटरवल आणि जाहिराती धरून तीन तासांच्या वर, आणि पहिलीतलं मूल दीड तासाने तसंही चुळबुळ करायला लागतं.

इथे निर्णय अवघड नाही. आजी आणि घरातलं एक माणूस जातं, मुलगी घरी राहते. आता ह्यातल्या काही गोष्टी बदलून बघा: ब्रिटनचं रेटिंग 12A, वर्णनात फक्त ढकलाढकली, रंगवलेला चेहरा आहे पण नाचात आणि उजेडात, आणि मुलगी नऊ वर्षांची. मग नेता येईल, पण आधी तिला तो रंग कसा चढवतात त्याचा मेकअपचा व्हिडिओ दाखवून न्यावं. मोठ्या मुलांना हे दाखवलं की भीती खरोखर कमी होते. पाच-सहाच्या मुलावर ‘अगं, खोटं आहे’ ह्या समजुतीचा फारसा परिणाम होत नाही. त्याला हात धरणं, मांडीवर घेणं, बाहेर नेणंच कळतं.

नेलंच तर

जागा कडेची आणि मागच्या भागातली घ्या, दाराच्या बाजूची. पुढच्या रांगेत चेहरा मोठा दिसतो आणि बाहेर पडायला सहा जणांचे पाय ओलांडावे लागतात. आवाज ही स्वतंत्र अडचण आहे. थिएटरची ध्वनियंत्रणा मोठ्या प्रसंगांत १०० डेसिबलच्या वर जाऊ शकते आणि कान झाकलेलं मूल नाटक करत नसतं. कानावर बसणारे लहान मुलांचे इअरमफ सोबत ठेवले तर निम्मी भीती तिथेच कमी होते. कापसाचे बोळे घालू नका, ते आवाज फारसा अडवत नाहीत आणि लहान मुलाच्या कानात अडकतात.

सिनेमाआधी दिसणाऱ्या गोष्टींचा रेटिंगवरून अंदाज बांधता येत नाही. सिनेमात तंबाखू किंवा सिगारेट असेल तर सुरुवातीला आणि मध्ये किमान तीस सेकंदांची तंबाखूविरोधी फिल्म दाखवावी लागते. तिच्यातली रुग्णांची दृश्यं काही मुलांना सिनेमापेक्षा जास्त लागतात. ती सुरू झाली की मुलाला पॉपकॉर्नच्या पुड्यात गुंतवा.

आत बसल्यावर पडद्याइतकंच मुलाकडे लक्ष ठेवा. घाबरलेलं मूल रडतंच असं नाही. ते एकदम गप्प होतं, खुर्चीवर पाय ओढून घेतं, दर दहा मिनिटांनी शू आली म्हणतं, किंवा ‘आता संपला काय?’ हे परत परत विचारतं. तिसऱ्यांदा शू आली की समजून जा आणि बाहेर घेऊन या. ‘शूर आहेस ना, बघ की’ म्हणून बसवून ठेवू नका, आणि डोळे झाकायला सांगून भागत नाही, कारण आवाज चालूच असतो. आपल्या सिनेमांत इंटरवलच्या आधीचा प्रसंग आणि शेवट सगळ्यात जोरकस असतात. म्हणून इंटरवलच्या दहा मिनिटं आधी बाहेर पडलात तर एक मोठा धक्का टळतो. मग लॉबीत शांतपणे ठरवा, उरलेला अर्धा बघायचा की नाही. पहिला अर्धा जड गेला असेल तर दुसरा हलका असण्याची शक्यता फार कमी. तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात बसू नका, ते तसेही परत मिळत नाहीत.

घरी, मोबाइलवर आणि टीव्हीवर

ओटीटीवरची पाटी दिसायला तशीच असते: U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+, A. पण ती तिथे कंपनी स्वतः लावते. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी ही पद्धत आली. त्याच नियमांप्रमाणे सुरुवातीला हिंसा, भाषा, व्यसन असे शब्दही दाखवावे लागतात. हे शब्द आकड्यापेक्षा जास्त कामाचे आहेत. U/A 13+ खाली नुसतं ‘भाषा’ असेल तर सहा वर्षांच्या मुलाच्या झोपेला धोका नाही, फार तर एखादी शिवी घरात येईल. ‘भीती’ किंवा ‘हिंसा’ असेल तर थिएटरइतकीच तपासणी करा.

U/A 13+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय कंपन्यांना द्यावीच लागते, पण ती आपण चालू करेपर्यंत बंद असते. मुलाचं वेगळं प्रोफाइल करा, त्याची मर्यादा 7+ वर ठेवा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. हे तिसरं काम बहुतेक घरांत राहून जातं, आणि मग मूल रिमोटने शेजारच्या चौकोनात जातं. पिन मुलाच्या वाढदिवसाची ठेवू नका.

थिएटरात टाळलेला सिनेमा काही महिन्यांनी ओटीटीवर आला की दुपारी, दिवे चालू ठेवून, आवाज निम्मा करून दाखवता येतो. मोठ्यांपैकी कुणी थिएटरात पाहिला असेल तर जड प्रसंग किती मिनिटांवर आहेत ते आठवून कागदावर लिहून ठेवावं आणि तिथे पुढे ढकलावं. भाषेची निवड असेल तर मुलाला समजेल ती लावा. हिंदी आवृत्तीत कथा कळली की तोच रंगवलेला चेहरा पुष्कळ कमी भीतिदायक होतो, आणि मध्ये थांबवून ‘हा कोण आहे सांग बघू?’ असं विचारायची सोयही घरीच असते.